लाल खुणेवरचं दळण

त्यांना नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. "कसं काय?" असं विचारलं की ते "मध्यम" म्हणत. तब्येत मध्यम, ऊन मध्यम, जावई कसा आहे या प्रश्नालाही थोडा विचार करून मध्यम. त्यामुळे दुकानात आणि गल्लीत ते मध्यमकाका झाले. स्वभावात मात्र मध्यम असं काहीच नव्हतं. हा माणूस बसत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना मदत करायला उठे, दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाहेर चार फेऱ्या मारून येई. फोनवर बोलता बोलता दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचे. बायको म्हणे, "यांचा पाय जमिनीला लागतो तो फक्त उचलण्यासाठी."

अशा माणसाला उभ्यानं करायचं काम मिळालं हे नशीब. सव्वीस वर्षं ते कॉफीच्या दुकानात दळणाच्या चक्कीवर होते. दुकान लांबट आणि अरुंद होतं. मागे बिया भाजायचं यंत्र, पुढे काउंटर, आणि मधल्या कोपऱ्यात कमरेएवढी चक्की. वरून बिया टाकायच्या, खाली पिशवी धरायची. आत दाते असलेल्या दोन पोलादी चकत्या, एक स्थिर आणि एक फिरती. दोघींमधली फट जेवढी, तेवढी पूड जाड किंवा बारीक. फट कमीजास्त करायला बाहेरच्या बाजूला कडेनं खाचा असलेलं एक कडं होतं. त्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते, म्हणून काकांनी बायकोच्या नेलपॉलिशनं एक लाल खूण करून ठेवली होती. गिऱ्हाईक "घरच्या मशीनची" म्हणालं की कडं लाल खुणेवर. म्हणजे ते घरगुती यंत्र, ज्यात मागे पाणी भरायचं, वर कागदाच्या गाळणीत पूड घालायची आणि खाली काचेच्या भांड्यात थेंब थेंब कॉफी उतरू द्यायची. दहातली सात गिऱ्हाइकं याच जातीची. कडं दिवसभर लाल खुणेवरून फारसं हलत नसे, आणि काका सोडून त्याला कुणी हात लावत नसे.

एक गोष्ट दुकानात कुणाला ठाऊक नव्हती. काका कॉफी पीत नसत. आम्लपित्ताचा त्रास होता, ते चहावर जगत. कुणी विचारलं, "काका, यातली कुठली घेऊ?" तर ते बिया तळहातावर घेऊन हुंगत आणि म्हणत, "ही जरा अंगानं भारी आहे." ते बहुतेक वेळा खरंही निघे. सव्वीस वर्षं नाकावर, कानावर आणि लाल खुणेवर निभावलं होतं. जिभेची वेळ आली नव्हती.

वेळ आली ती चकत्या बदलल्यानंतर. जुन्यांचे दाते गुळगुळीत झाले होते. मालकांनी मेकॅनिकला बोलावलं, त्यानं पाऊण तासात नव्या बसवल्या, काकांबरोबर चहा घेतला आणि गेला. काकांनी कडं पुन्हा लाल खुणेवर आणलं आणि कामाला लागले. चक्की पूर्वी कुरकुरायची, आता एकसुरात गुणगुणत होती. पूड हाताला मऊ लागत होती. काकांना वाटलं, नव्या मालाची गोष्टच वेगळी.

आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. एक म्हणाला, कॉफी कडू लागते. दुसरा म्हणाला, मशीन तुंबतं. मग गणिताच्या निवृत्त बाई आल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, गणितातून नाही. त्यांच्या पिशवीत छोटी डायरी असे आणि तिच्यात दुधाच्या पिशवीपासून रक्तदाबापर्यंत सगळ्याची नोंद.

"पूर्वी सव्वासहा मिनिटांत उतरायची," बाई म्हणाल्या. "आता दहा लागतात. आणि कडू."

"बाई, मशीन किती वर्षांचं?"

"नऊ."

"मग झालं की," काका पिशवीला गाठ मारत म्हणाले. "नऊ वर्षं म्हणजे म्हातारपण आलं त्याला. बदलून टाका."

बाईंनी काकांचं ऐकलं. जुनं यंत्र भंगारात गेलं, नवं आलं. पुढच्या बुधवारी सकाळी बाई पुन्हा दुकानात होत्या. त्यांनी काउंटरवर एक डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत ओल्या चिखलानं फुगलेली कागदी गाळणी होती.

"हे नव्या मशीनमधलं," बाई म्हणाल्या. "चौथ्या मिनिटाला पाणी गाळणीच्या काठावरून बाहेर आलं. गाळ सगळा भांड्यात. साडेदहा मिनिटं झाली तरी थेंब पडतच होते. आता या नव्यालाही म्हातारपण आलं का?"

काकांनी डबा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. गल्ल्यामागे मालकांची सून बसली होती. सासरे थकल्यापासून दुकान तीच पाहत होती, आणि सगळे तिला वहिनी म्हणत.

"काका, या महिन्यातली ही पाचवी," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता, तोच वाईट. "शनिवारी पाकिटवाल्यांचा माणूस येतोय. दळलेली, सीलबंद, सगळी एकसारखी. मी विचार करतेय, चक्की काढून तिथे रॅक लावावा."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण काढतंय? तुम्ही गल्ल्यावर बसा ना आरामात."

बसा. जन्मठेप सुनावताना न्यायाधीशही याहून कमी प्रेमळ असतो. काका "बरं" म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय काउंटरखाली आपोआप हलू लागला.

बाई मात्र तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून दुसरा, छोटा डबा काढला. "हे मागच्या महिन्यातलं. तळाशी दोन चमचे उरलंय. तुम्हीच दळलेलं."

काकांनी जुन्यातली चिमूट डाव्या हाताच्या बोटांत घेतली आणि नुकत्याच भरलेल्या पिशवीतली उजव्या हाताच्या. चोळून पाहिली. डावीकडे जाडसर रवा. उजवीकडे दळलेलं मीठ, त्याहूनही बारीक. ही दोन्ही एकाच खुणेवरची दळणं होती. काकांच्या कानशिलापर्यंत ऊब चढली. त्यांना कळलं होतं. आणि गल्ल्यामागून वहिनी पाहत होत्या.

"बघतो," काका म्हणाले.

"काय बघता?" बाईंनी विचारलं.

"बघतो म्हणजे... बघतो."

त्या दिवशी दुकान बंद करायच्या आधी काकांनी एकाच पोत्यातल्या बियांची पाच दळणं केली. पहिलं लाल खुणेवर. मग कडं जाडीकडे दोन खाचा, चार, सहा, आठ. प्रत्येक वेळी सुरुवातीची मूठभर पूड त्यांनी टाकून दिली, कारण चक्कीच्या पोटात आधीचं दळण उरलेलं असतं आणि ते पुढच्यात मिसळतं. पिशव्यांवर आकडे लिहिले. वहिनींनी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "घरी." ते खोटंही नव्हतं.

गुरुवारी दुकानाला सुट्टी. काकांकडे असलं यंत्र नव्हतं. त्यांची बायको कॉफी भांड्यात उकळून फडक्यानं गाळी. त्यात पूड कशीही असली तरी फारसं बिघडत नाही, म्हणून घरातून कधी तक्रार आली नव्हती. यंत्र मागायला काका बाईंच्या दारात गेले. बाई म्हणाल्या, "न्या की. तुमच्यामुळेच तर घेतलंय," आणि यंत्राबरोबर स्वतःही आल्या. यंत्र एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती.

स्वयंपाकघरात तिघं मावत नव्हती. त्यात एक जण सतत फिरत होता.

"अहो, एका जागी उभे राहा. माझा पाय तुडवलात," बायको म्हणाली.

"उभाच आहे मी."

"त्याला उभं म्हणतात? बाई, शाळेत अशांना तुम्ही काय करायचात?"

"फळा पुसायला लावायचे," बाई म्हणाल्या आणि डायरी उघडली. "छत्तीस ग्रॅम पूड, सहाशे मिली पाणी. प्रत्येक वेळी तेवढंच. बदलेल ती फक्त पूड. नाहीतर कळायचं कसं कशानं काय झालं?"

पहिली पिशवी लाल खुणेची. यंत्र गुरगुरलं, पाणी वर चढू लागलं. गाळणीत पाणी साचलं, पूड फुगली. चौथ्या मिनिटाला तपकिरी पाणी कागदाच्या काठावरून घरंगळलं. पाच मिनिटं झाल्यावर यंत्र शेवटचं फुसफुसलं, त्यातलं पाणी संपलं. गाळणीतलं मात्र रेंगाळत राहिलं. साडेदहाला शेवटचा थेंब.

"घ्या," बाईंनी कप पुढे केला.

काकांनी कपाकडे पाहिलं. "तुम्ही बघा ना चव."

"मी रोज बघते. आज तुम्ही."

बायको पदरानं तोंड लपवून हसली. "बाई, ते कॉफी पीत नाहीत."

"आज नाही का?"

"कधीच नाही. अकरा वर्षांपूर्वी एकदा घेतली होती, तेव्हा दोन दिवस झोपले नव्हते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नऊ वर्षं मी एका चहावाल्याच्या सल्ल्यानं कॉफी घेत होते?"

"हुंगतो ना मी," काका म्हणाले. आणि त्यांनी कप तोंडाला लावला. जिभेच्या मागच्या भागावर कोरडा, करपल्यासारखा कडवटपणा बसला, आणि दातांत गाळ. "हे लोक पैसे देऊन पितात?" ते म्हणाले.

"पीत होते," बाई म्हणाल्या. "आता तक्रार करतात."

मग बाईंनी सरळ दुसऱ्या टोकाची पिशवी घेतली, आठची. पूड जाडीभरडी. पाणी पडलं की लगेच खाली, गाळणीत साचलंच नाही. यंत्र फुसफुसलं आणि त्यानंतर दहा सेकंदांत थेंब थांबले. पाच मिनिटं दहा सेकंद. भांड्यात फिकट, पारदर्शक काहीतरी. चव पाणचट आणि जराशी आंबट.

"पण हे पाच मिनिटांच्या खाली का जात नाही?" बायकोनं विचारलं. तिला आता रस वाटू लागला होता. "याहून जाड केलं तर आणखी लवकर उतरेल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पाणी तापून वर चढायलाच याला पाच मिनिटं लागतात. त्यावर पुडीचा काही अधिकार नाही. पूड ठरवते ते एवढंच, की पाणी तिच्यात किती थांबतं. बारीक असली की दाटून बसते, पाणी अडतं. शिवाय बारीक कणांतून अर्क लवकर सुटतो. म्हणजे दोन्हीकडून जास्त निघतं, मग कडू. जाड असली तर पाणी निसटतं, चव आतच राहते. म्हणून फुसफुसल्यानंतर शेवटच्या थेंबापर्यंत किती वेळ जातो, ते बघायचं."

काका एवढ्यात दारापर्यंत जाऊन परत आले होते. दोन कपांनी त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या होत्या. "चार लावा," ते म्हणाले. "लावा, लावा."

चारला साडेसात मिनिटं. चांगली होती, पण गिळल्यावर घशात थोडी कडू पकड राहत होती. "दोनची गरज नाही," बाई म्हणाल्या, "ती याहून वाईटच असणार." सहाची पिशवी. पाणी गाळणीत दोन बोटं साचलं, काठाला शिवलं नाही, संथपणे खाली गेलं. यंत्र फुसफुसल्यावर मिनिटभरानं थेंब थांबले. बाईंनी डायरीत पाहिलं आणि बोट ठेवलं. सव्वासहा.

काकांनी घोट घेतला. गोडसर नव्हे, पण गोडाच्या शेजारचं काहीतरी. कडूपणा होता, पण पाहुण्यासारखा, आला आणि गेला. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा.

"कशी आहे?" बायकोनं विचारलं.

काकांनी कप पुन्हा भरायला पुढे केला. त्यांचा गुडघा हलत होता, डोळे लकाकत होते. बायको बाईंना म्हणाली, "आता दोन दिवस घरात भूकंप."

शुक्रवारी काका दुकान उघडायच्या आधी तासभर पोचले. कडं सहा खाचा जाडीकडे आणून त्यांना तिथे नवी खूण करायची होती. खुणेसाठी जागा पुसायला हवी, म्हणून त्यांनी कुंचला आणि फडकं घेऊन कड्यावरचा तेलकट काळा थर घासला. सव्वीस वर्षांच्या कॉफीचा थर होता, सहज निघत नव्हता. तो निघाला तेव्हा लाल ठिपक्यापासून थोड्या अंतरावर एक फिकट नारिंगी ठिपका दिसला. त्याच्यापुढे, नव्या जागेपासून अर्ध्या खाचेवर, एक गुलाबी.

ते बघत राहिले. गुलाबी पहिला. लग्नानंतरच्या वर्षांत बायको गुलाबीच लावायची. चक्की नवी होती, चकत्या नव्या होत्या. मग चकत्या झिजत गेल्या, फट वाढत गेली, पूड जाड पडू लागली. कुणीतरी म्हणे, "काका, आजकाल पातळ लागते." काका कडं केसभर बारकीकडे सरकवत. असं कधीतरी, काही वर्षांनी, नारिंगी. मग लाल. खूण एका जागी पक्की आहे असं ते समजत होते, आणि ती त्यांच्याच हातानं चालत आली होती. नव्या चकत्यांना झिजलेल्यांची खूण लावली, तर दाते एकमेकांच्या अंगावर येणारच. मेकॅनिकचा दोष नव्हता. मशीनचाही नव्हता. बाईंच्या नऊ वर्षांच्या यंत्राचा तर मुळीच नव्हता. ते बिचारं भंगारात गेलं होतं.

वहिनी आल्या तेव्हा काका कागद चिकटवत होते. वहिनींनी वाचलं. मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मागील तीन आठवडे घरच्या मशीनचं दळण चुकीचं, फार बारीक दिलं गेलं. चूक चक्कीवाल्याची. कुणाच्याही मशीनमध्ये बिघाड नाही. उरलेली पूड आणून द्यावी, बदलून मिळेल.'

"हे काढा," वहिनी म्हणाल्या.

"का?"

"सापडलं ना कारण? दुरुस्त झालं ना? मग गप्प राहा. लोक विसरतात. हे वाचून उद्या कुणी म्हणालं की यांचं दळण भरवशाचं नाही, तर मी काय उत्तर देऊ? आणि उद्या तो पाकिटवाला येतोय. तुम्हीच त्याच्या हातात कारण देताय, काका."

काकांना ते कळत होतं. कागद काढला तर चक्की राहायची शक्यता जास्त होती. ठेवला तर रॅक, गल्ला, खुर्ची. ते चक्कीपासून दारापर्यंत गेले, दारापासून परत आले. "बाईंनी मशीन विकत घेतलं, वहिनी. माझ्या तोंडच्या एका वाक्यावर. आणखी कुणी घेतलं असेल तर मला माहीतही नाही."

"मग?"

"मग राहू दे कागद."

वहिनींनी तो स्वतः काढला नाही. पण दिवसभर त्या काकांशी कामापुरतंच बोलल्या.

शनिवारी पाकिटवाल्या कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, हसरा. त्यानं चमकदार पाकिटं काउंटरवर मांडली, कोपऱ्यातल्या चक्कीकडे बघून जागेचा अंदाज घेतला आणि मग कागद वाचला. "बघा मॅडम," तो म्हणाला, "माणूस म्हटलं की हे आलंच. आमची पूड कायम एकसारखी. सगळ्या मशीनना चालते."

बाई उरलेली बारीक पूड परत करायला आल्या होत्या. त्यांनी पाकीट उचलून उलटंसुलटं केलं. "आणि एखाद्या मशीनला नाही चालली तर?"

"चालतेच, मॅडम."

"समजा नाही चालली. माझ्यात तुंबली किंवा पाणचट झाली. तर मी कुठे काय फिरवायचं?"

माणसानं हसत हसत पाकिटं पुन्हा सरळ रचली. पाकिटाला कडं नसतं. काका तोवर बाईंची पिशवी भरून देत होते, नव्या खुणेवर, पहिली मूठ बाजूला टाकून. वहिनी ते बघत होत्या. सकाळपासून सहा गिऱ्हाइकं कागद वाचून घरची पूड परत घेऊन आली होती आणि एकही पैसे मागायला आलं नव्हतं. सगळ्यांना दळूनच हवं होतं. एकानं तर मशीन दुरुस्तीला टाकलं होतं, ते परत आणायला तो घाईघाईनं निघून गेला.

"एक खण देईन तुम्हाला," वहिनी पाकिटवाल्याला म्हणाल्या. "दाराजवळचा. कोपरा नाही."

तो गेल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "आता खूण पक्की ना?"

"नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"झिजणार ना पुन्हा. हळूहळू. कळणारही नाही. दर महिन्याला बघावं लागेल."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा कोण बघणार?" वहिनींनी गल्ल्यातून एक कोरी वही काढली आणि चक्कीवर ठेवली. "सगळं लिहून ठेवा. खाचा, मिनिटं, सगळं. आणि बाई म्हणत होत्या, तुमच्याकडे यंत्र नाही? दुकानाच्या खर्चानं एक घ्या, इथंच ठेवा."

ते यंत्र चक्कीच्या बाजूच्या फळीवर आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुकान उघडल्यावर, काका छत्तीस ग्रॅम मोजतात, सहाशे मिली ओततात आणि समोर उभे राहतात. पाच मिनिटं ते कसेबसे थांबतात. यंत्र फुसफुसलं की पुढचं मिनिट त्यांच्यानं निघत नाही. चक्की ते दार, दार ते चक्की, डोळे थेंबांवर. शेवटचा थेंब पडला की वहीत आकडा लिहितात, उभ्यानंच अर्धा कप पितात, तोंड वाकडं न करता. मग नाक्यावर जाऊन चहा घेतात.